शेअर हवा, पण १,४४० ला

समजा, इन्फोसिसचा शेअर आज १,५०० रुपयांना मिळतो आहे. कंपनीचा ताळेबंद तुम्ही वाचला आहे, धंदा तुम्हाला समजतो आणि पुढची पाच-सात वर्षे हा शेअर जवळ असावा असे वाटते. फक्त भाव जरा चढा वाटतो. १,४४० ला मिळाला तर लगेच घ्याल. अशा वेळी बहुतेक गुंतवणूकदार एक तर वाट पाहत बसतात, नाही तर १,४४० ची लिमिट ऑर्डर लावून ठेवतात. तिसरा मार्गही आहे. १,४४० चा पुट ऑप्शन विकायचा आणि शेअर घ्यायला लागणारी सगळी रक्कम बाजूला काढून ठेवायची. यालाच ‘कॅश सिक्युअर्ड पुट’ म्हणतात.

या मार्गाचा उल्लेख हल्ली ‘दरमहा उत्पन्न’ असा केला जातो, आणि तिथूनच नुकसानीला सुरुवात होते. मुळात ही खरेदीची योजना आहे. शेअर पदरात पडला तर ते या योजनेचे अपयश नसते, तिचा हेतूच तो असतो. हे मनापासून मान्य असेल, तरच पुढचा हिशेब उपयोगाचा आहे. (इथे वापरलेले भाव समजावण्यापुरते आहेत, हा खरेदीचा सल्ला नाही.)

व्यवहार नेमका काय होतो?

पुट विकत घेणाऱ्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या भावाला आपले शेअर विकण्याचा हक्क मिळतो. विमा उतरवणारा जसा हप्ता भरतो, तसे या हक्कासाठी तो पैसे मोजतो. त्या पैशांना प्रीमियम म्हणतात. पुट विकणारा हा प्रीमियम घेतो आणि त्या बदल्यात बांधला जातो: भाव कितीही पडला, तरी ठरलेल्या भावाला शेअर घ्यायचे. ठरलेल्या भावाला स्ट्राइक म्हणतात आणि ठरलेल्या दिवसाला एक्स्पायरी. राष्ट्रीय शेअर बाजारात सप्टेंबर २०२५ पासून शेअर ऑप्शनची एक्स्पायरी महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी असते. त्याआधी अनेक वर्षे ती शेवटच्या गुरुवारी असे.

ऑप्शनचा व्यवहार लॉटमध्ये होतो. इन्फोसिसचा लॉट ४०० शेअर्सचा आहे. लॉटचा आकार एक्स्चेंज अधूनमधून बदलते, म्हणून सौदा करण्याआधी तो पाहून घ्यावा. आता महिनाभरावर एक्स्पायरी असलेला १,४४० चा पुट १८ रुपयांना विकला असे धरू. चारशे शेअर्सचे ७,२०० रुपये प्रीमियम खात्यात आले. उद्या शेअर घ्यावे लागले तर १,४४० गुणिले ४०० म्हणजे ५,७६,००० रुपये लागतील. ती रक्कम आजच वेगळी काढायची. प्रीमियम वजा केला तर शेअरची खरी किंमत १,४२२ रुपये पडते. या योजनेतला सर्वांत महत्त्वाचा आकडा हा १,४२२ आहे. या भावाला हा शेअर आनंदाने घ्याल का, याचे उत्तर ‘हो’ नसेल तर पुट विकू नये.

चार शक्यता

एक्स्पायरीला शेअर १,५१० ला बंद झाला असे समजू. पुट घेणाऱ्याला बाजारातच जास्त भाव मिळतो, त्यामुळे त्याचा हक्क निरर्थक ठरून संपतो. ७,२०० रुपये तुमचे झाले. अडकलेल्या रकमेवर हा परतावा सव्वा टक्का होतो. शेअर मात्र मिळाला नाही.

दुसरी शक्यता, शेअर १,४२५ ला बंद झाला. तुम्हाला ४०० शेअर १,४४० ने घ्यावे लागतात. खरी किंमत १,४२२, बाजारभाव १,४२५. ज्यासाठी हा खटाटोप केला, ते नेमके हेच.

तिसरी शक्यता, शेअर १,३०० ला आला. तुम्ही १,४४० च देता. १,४२२ च्या हिशेबाने शेअरमागे १२२ रुपये, म्हणजे एकूण ४८,८०० रुपयांची कागदावरची तूट. ज्याने पहिल्याच दिवशी १,५०० ला चारशे शेअर घेतले, त्याची तूट ८०,००० आहे. तुमची स्थिती त्याच्यापेक्षा बरी. पण ७,२०० रुपयांच्या प्रीमियमसमोर ४८,८०० रुपयांची तूट उभी राहते, हे डोळ्यांआड करता येत नाही.

चौथी शक्यता बोचते ती वेगळ्या कारणाने. शेअर १,६५० ला गेला. आज घेतला असता तर ६०,००० रुपये वाढले असते. हाती राहिले ७,२००. पुट विकणाऱ्याचा नफा प्रीमियमपुरताच असतो आणि तोटा मात्र शेअर शून्यावर जाईपर्यंत वाढू शकतो. म्हणून ‘महिन्याला सव्वा टक्का’ला बाराने गुणून वर्षाचा परतावा काढणे ही निव्वळ फसवणूक आहे. तिसऱ्या शक्यतेचा एकच महिना सहा-सात महिन्यांची कमाई नेतो.

लिमिट ऑर्डरशी तुलना केली की या योजनेचा स्वभाव आणखी स्पष्ट होतो. महिन्याच्या मध्याला भाव १,४२० पर्यंत जाऊन एक्स्पायरीला १,४८० वर परतला, तर लिमिट ऑर्डरवाल्याला १,४४० ला शेअर मिळून गेलेला असतो. पुट विकणाऱ्याला मिळत नाही, कारण त्याचा फैसला फक्त एक्स्पायरीच्या बंद भावावर होतो. शिवाय वाईट बातमी आली तर लिमिट ऑर्डर एका क्षणात, एक पैसाही न देता रद्द करता येते. विकलेला पुट रद्द होत नाही, तो चढ्या भावाने परत विकत घ्यावा लागतो. मन बदलण्याचा हक्क सोडून देण्याचे मोल म्हणजे हा प्रीमियम. तो फुकट मिळत नाही.

भारतात ‘सिक्युअर्ड’ची जबाबदारी तुमचीच

अमेरिकेत साध्या रोख खात्यातून पुट विकला की ब्रोकर शेअर खरेदीला लागणारी पूर्ण रक्कम अडकवून ठेवतो. भारतात तसे होत नाही. इथे एक्स्चेंजच्या नियमांप्रमाणे मार्जिन मागितले जाते आणि ते साधारणपणे सौद्याच्या एकूण किमतीचा लहान हिस्सा असते. मार्जिन शेअरप्रमाणे आणि दिवसाप्रमाणे बदलते. ते एक पंचमांश धरले तर ५,७६,००० च्या सौद्याला सव्वा लाखाच्या आत काम भागते. खात्यात पावणेसहा लाख असलेल्याला संगणक चार-पाच लॉट विकू देतो. त्या क्षणी ही योजना कॅश सिक्युअर्ड राहत नाही. पाच लॉटचे शेअर अंगावर आले तर २८ लाख ८० हजार रुपये लागतील आणि खात्यात असतील पावणेसहा लाख.

दोन्ही खात्यांच्या पडद्यावर सौदा सारखाच दिसतो: पुट विकलेला, प्रीमियम जमा. फरक फक्त न वापरलेल्या पैशात असतो. म्हणून नियम एकच: एका लॉटमागे स्ट्राइक गुणिले लॉट इतकी पूर्ण रक्कम, आणि त्या रकमेवर दुसरा कोणताही सौदा उभा करायचा नाही.

ही रक्कम महिनाभर नुसती पडून राहावी असे मात्र नाही. बरेच जण ती लिक्विड फंडात ठेवतात आणि ते युनिट तारण, म्हणजे प्लेज, ठेवून मार्जिन मिळवतात. हे चालते. अडचण येते ती शेवटच्या आठवड्यात. तारण ठेवलेले युनिट मार्जिनला चालतात, पण शेअर्सची किंमत चुकती करायला खरीखुरी रोख लागते. युनिट सोडवायला आणि विकून पैसे यायला दिवस लागतात. भाव स्ट्राइकच्या आसपास घुटमळत असेल तर एक्स्पायरीच्या आठवडाभर आधीच ही प्रक्रिया सुरू करावी. पैसे बँकेत असतील तर तेही ब्रोकरच्या खात्यात वेळेत आणावेत. ब्रोकरच्या यंत्रणेला तुमची बँकेतली शिल्लक दिसत नाही. शेवटच्या दिवसांत ब्रोकर मार्जिन वाढवतात, आणि ते पुरेसे दिसले नाही तर काही ब्रोकर तुमचा पुट तुम्हाला न विचारता बाजारभावाने परत घेऊन सौदा मिटवतात. सर्वांत वाईट वेळी आणि सर्वांत वाईट भावाने बाहेर पडण्याचा हा हमखास मार्ग आहे.

स्ट्राइक आणि महिना कसा निवडावा

आधी भाव ठरवावा, मग प्रीमियम पाहावा. क्रम उलटा झाला की माणूस जास्त प्रीमियमच्या मागे लागून, ज्या भावाला शेअर घ्यायचा नव्हता त्याच भावाला बांधला जातो. १,४४० च्या पुटला १८ रुपये आणि १,५०० च्या पुटला चाळीस रुपये दिसले की मोह होतो. पण तुमचा ठरलेला भाव १,४२२ च्या आसपास असेल, तर १,५०० चा पुट तुम्हाला १,४६० ला शेअर देणार आहे. ती वेगळी खरेदी झाली.

मुदतीचा प्रश्न तसा सोपा आहे. आपल्याकडे शेअर ऑप्शनमध्ये चालू महिन्यात खरी उलाढाल असते, पुढच्या महिन्यात थोडीफार आणि त्यापुढे जवळपास नाहीच. त्यामुळे तीन ते पाच आठवड्यांचा पुट हीच व्यवहार्य निवड. ऑर्डर देताना खरेदीदाराची बोली आणि विक्रेत्याचा भाव या दोन्हींकडे पाहावे. बोली १५ आणि विक्रीचा भाव २१ असेल आणि तुम्ही बाजारभावाने ऑर्डर टाकली, तर १५ लाच विकले जाते. नेहमी लिमिट ऑर्डर द्यावी. आणि ही दरी इतकी रुंद असेल तर तो सौदा सोडून द्यावा, कारण अडचणीत बाहेर पडतानाही हीच दरी आडवी येणार असते.

त्या महिन्यात कंपनीचे तिमाही निकाल आहेत का, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. निकालापूर्वी प्रीमियम फुगलेला असतो आणि तो उगाच फुगत नाही. १३ एप्रिल २०२३ ला, गुरुवारी, बाजार बंद झाल्यावर इन्फोसिसने निकाल जाहीर केले आणि येत्या वर्षासाठी महसूलवाढीचा अंदाज फक्त ४ ते ७ टक्के दिला. शुक्रवारी आंबेडकर जयंतीची सुट्टी, पुढे शनिवार-रविवार. सोमवारी, १७ एप्रिलला, बाजार उघडताच शेअर दहा टक्क्यांच्या आसपास कोसळला. गुरुवारी सुमारे १,३९० ला असलेला भाव सोमवारी १,२६० च्या आसपास बंद झाला. १,३४० चा पुट विकून निर्धास्त झालेल्याला मधल्या किमतीला बाहेर पडण्याची एक संधीही मिळाली नाही. भाव पायऱ्या उतरत आला नाही, सरळ खाली पडला. अशा पडझडीत ‘स्टॉप लॉस लावू’ या बेताला काही अर्थ उरत नाही.

ज्यांच्याकडे पूर्ण रक्कम होती आणि कंपनीविषयीचे मत पक्के होते, त्यांनी शेअर घेतले. जानेवारी २०२४ मध्ये तोच शेअर १,६०० च्या वर होता. ज्यांनी मार्जिनवर चार-पाच लॉट विकले होते, त्यांना त्या नऊ महिन्यांची वाट पाहणे परवडणारेच नव्हते. कंपनी एकच, पुट एकच, आणि फळ पूर्ण वेगळे.

असाइनमेंट: शेअर अंगावर येतात तेव्हा

पुट घेणाऱ्याने हक्क बजावला आणि तो शेअर घेण्याची जबाबदारी तुमच्यावर आली, की त्याला असाइनमेंट म्हणतात. भारतात ही गोष्ट पूर्वीपेक्षा बरीच सुटसुटीत झाली आहे. जानेवारी २०११ पासून आपल्याकडचे शेअर ऑप्शन युरोपियन पद्धतीचे आहेत, म्हणजे हक्क फक्त एक्स्पायरीलाच बजावला जातो. महिन्याच्या मधल्या एखाद्या सकाळी अचानक शेअर अंगावर येण्याचा प्रश्न नाही. अमेरिकेत शेअर ऑप्शन कोणत्याही दिवशी बजावता येतात. तिथे न्यूयॉर्कच्या बाजारात इन्फोसिसच्या एडीआरवर किंवा इतर शेअरवर पुट विकणाऱ्या मराठी वाचकांनी हा फरक ध्यानात ठेवावा. तिथे करार साधारणपणे १०० शेअर्सचा असतो, रक्कम कमी लागते, पण असाइनमेंटचा दिवस आपल्या हातात नसतो.

दुसरा बदल आणखी मोठा. एके काळी आपल्याकडे शेअर ऑप्शनचा हिशेब फरकाच्या रोख रकमेने मिटत असे. पुट विकणाऱ्याच्या हाती शेअर येतच नसे, फक्त पैसे जात. सेबीने २०१८ मध्ये प्रत्यक्ष डिलिव्हरी टप्प्याटप्प्याने सुरू केली आणि ऑक्टोबर २०१९ च्या एक्स्पायरीपासून सगळ्याच शेअर डेरिव्हेटिव्हना ती लागू झाली. पुट विकून शेअर घेण्याची योजना खऱ्या अर्थाने शक्य झाली ती तेव्हापासून.

आता एक्स्पायरीच्या दिवशी शेअरचा अधिकृत बंद भाव स्ट्राइकच्या खाली एका रुपयाने जरी असला, तरी हक्क आपोआप बजावला जातो. कोणी अर्ज करायचा नसतो. इथे पडद्यावर दिसणारा शेवटच्या सौद्याचा भाव उपयोगाचा नाही, एक्स्चेंजने जाहीर केलेला बंद भाव लागतो, आणि हे दोन भाव वेगळे असू शकतात. १,४४० च्या दोन-तीन रुपये इकडे-तिकडे बाजार संपत असेल, तर शेअर येणारच असे धरून पैसे तयार ठेवावेत.

शेवटच्या आठवड्यात तीन वाटा असतात. समजा, भाव १,४०० वर आला आहे आणि तुम्ही १८ ला विकलेला पुट आता ४३ ला आहे.

पहिली वाट म्हणजे काहीच न करणे. एक्स्पायरीपर्यंत थांबायचे, ५,७६,००० द्यायचे आणि ४०० शेअर घ्यायचे. कंपनीविषयी मत बदललेले नसेल तर हीच मूळ योजना आहे आणि बहुतेक वेळा हीच उत्तम.

दुसरी वाट म्हणजे पुट ४३ ला परत विकत घेऊन मोकळे होणे. शेअरमागे २५ रुपये, एकूण १०,००० रुपयांचा तोटा पक्का होतो. ही वाट फक्त एका कारणासाठी राखून ठेवावी: कंपनीत असे काही बिघडले आहे की आता तो शेअर १,४२२ लाही नको. हिशेबात घोटाळा उघड होणे, प्रवर्तकावर कारवाई होणे, नियामकाने धंद्याचा मुख्य भाग थांबवणे, ही अशी कारणे. नुसता भाव पडला हे कारण नाही, कारण भाव पडावा हीच तर तुमची इच्छा होती.

तिसरी वाट म्हणजे रोल करणे. चालू महिन्याचा पुट ४३ ला परत घ्यायचा आणि त्याच वेळी पुढच्या महिन्याचा १,४४० चा पुट, समजा ५८ ला, विकायचा. वरचे १५ रुपये हाती येतात. आतापर्यंतचा हिशेब १८ वजा ४३ अधिक ५८, म्हणजे एकूण ३३ रुपये जमा. शेअरची खरी किंमत आता १,४०७ वर आली. ऐकायला गोड वाटते. पण यात ५,७६,००० रुपये आणखी महिनाभर अडकतात, आणि त्या महिन्यात निकाल असले तर तो धोकाही अंगावर येतो. रोल करताना निव्वळ रक्कम हाती येत नसेल, उलट खिशातून पैसे जात असतील, तर रोल करू नये. आणि सलग दोन-तीन महिने रोलच चालू असेल, तर स्वतःला स्पष्ट विचारावे: मला हा शेअर खरेच हवा आहे का? नको असलेली खरेदी पुढे ढकलत राहण्याला योजना म्हणता येणार नाही.

डिलिव्हरीनंतरची तपासणी

शेअर घ्यायचे ठरले की एक्स्पायरीच्या दिवशी पूर्ण रोख ब्रोकरच्या खात्यात असायला हवी. त्या संध्याकाळनंतर ऑप्शनचा सौदा पोझिशनमधून नाहीसा होतो, लेजरमधून ५,७६,००० वजा होतात आणि पुढच्या एक-दोन कामकाजाच्या दिवसांत शेअर डीमॅट खात्यात येतात. काँट्रॅक्ट नोट उघडून चार गोष्टी तपासाव्यात: शेअर्सची संख्या ४०० आहे का, भाव १,४४० लावला आहे का, तारीख बरोबर आहे का आणि शुल्क किती घेतले आहे. शेअर प्रत्यक्ष डीमॅटमध्ये दिसेपर्यंत ते विकायला जाऊ नये.

शुल्काचा आकडा सौदा करण्याआधीच विचारून ठेवावा. डिलिव्हरीच्या किमतीवर ०.१ टक्के एसटीटी, म्हणजे इथे ५७६ रुपये, आणि वर थोडी स्टँप ड्यूटी लागते. बोजा येतो तो ब्रोकरच्या शुल्काचा. काही ब्रोकर प्रत्यक्ष डिलिव्हरीसाठी एकूण किमतीवर टक्केवारीने शुल्क घेतात. ते पाव टक्का असेल तर १,४४० रुपये होतात, म्हणजे प्रीमियमचा पाचवा हिस्सा एका फटक्यात जातो.

खरेदीची नोंद खात्यात १,४४० नेच दिसते, १,४२२ ने नाही. प्रीमियम वेगळा जमा झालेला असतो, म्हणून आपली वही स्वतंत्र ठेवावी. प्राप्तिकरातही दोन्हींची वाट वेगळी आहे. ऑप्शनमधला नफा-तोटा व्यवसायाच्या उत्पन्नात धरला जातो आणि शेअर पुढे विकल्यावर होणारा नफा भांडवली नफ्यात. पगारदार माणूस नेहमी भरतो तो साधा फॉर्म अशा वर्षी चालत नाही. पहिलाच पुट विकण्याआधी आपल्या सीएशी बोलून घ्यावे.

पुट विकलेला असताना कंपनीने लाभांश दिला तर तो तुम्हाला मिळत नाही, कारण शेअर अजून तुमचे नसतात. लाभांशामुळे भाव जितका उतरतो तितकी झळ मात्र तुम्हालाच लागते. बोनस किंवा शेअर विभाजन झाले, तर एक्स्चेंज स्ट्राइक आणि लॉट त्या प्रमाणात बदलून घेते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

शेअर आल्यावर भाव आणखी पडला, तर लगेच त्याच शेअरचा दुसरा पुट विकण्याची खुमखुमी येते. ती आवरावी. एका लॉटने आधीच पावणेसहा लाख एका कंपनीत गेले आहेत.

‘चांगला शेअर’ हीच मोठी जोखीम

सगळा डोलारा एका गृहीतकावर उभा आहे: कंपनी चांगली आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये येस बँकेचा शेअर ४०० च्या आसपास होता. बँक निफ्टी ५० मध्ये होती आणि अनेकांच्या नजरेत दर्जेदार होती. रिझर्व्ह बँकेने प्रमुखांचा कार्यकाळ कमी केल्याची बातमी आली आणि २१ सप्टेंबर २०१८ ला शेअर एका दिवसात सुमारे तीस टक्के कोसळला. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकेवर निर्बंध आणले आणि भाव काही काळ एक आकडी झाला. ‘स्वस्तात मिळतोय’ म्हणून वाटेत प्रत्येक टप्प्यावर पुट विकणाऱ्याला शेअर मिळतच गेले असते. पूर्ण रोख बाजूला असल्याने कर्ज होत नाही, घर विकावे लागत नाही. पण ती रोख चुकीच्या कंपनीत जाण्यापासून कोणतेही मार्जिन वाचवत नाही.

यातून रकमेचा साधा नियम निघतो. एका कंपनीत आपल्या शेअर गुंतवणुकीच्या दहा टक्क्यांहून जास्त नको असे ठरवले, तर ५,७६,००० च्या एका लॉटसाठी एकूण गुंतवणूक ५७ लाखांच्या वर हवी. ज्यांची एकूण गुंतवणूक दहा-पंधरा लाख आहे, त्यांच्यासाठी ही योजना नाही, मग प्रीमियम कितीही आकर्षक असो. त्यांनी १,४४० ची लिमिट ऑर्डर लावावी आणि पंचवीस-पन्नास शेअर घ्यावेत. प्रीमियम मिळणार नाही, पण मन बदलण्याचा हक्क आणि उरलेली सगळी रोख हाती राहील.

आणि ज्यांची तेवढी ऐपत आहे, त्यांनी पुट विकण्याआधी कागदावर तीन ओळी लिहाव्यात: हा शेअर मला कोणत्या खऱ्या किमतीला हवा आहे, त्याची पूर्ण रक्कम कुठे ठेवली आहे आणि कोणती बातमी आली तर मी तोटा सोसून बाहेर पडेन. तिन्ही ओळी अडखळता लिहिता आल्या नाहीत, तर त्या महिन्यात पुट विकू नका.